बॅरियर नेमकं काय अडवतो? हायड्रोजनच्या लाइनवरचा एक ट्रान्समीटर आणि त्याच्या दोन वायरी

तांदळाचा एक दाणा वीतभरापेक्षा कमी, साधारण १० सेंटिमीटर उंचीवरून टेबलावर पडला तर त्यातून जेवढी ऊर्जा मोकळी होते, तेवढी हायड्रोजन आणि हवेचं योग्य मिश्रण पेटवायला पुरते. आकडा आहे सुमारे २० मायक्रोज्यूल. प्रोपेनला याच्या दहापट किंवा थोडी जास्त ऊर्जा लागते, मिथेनला आणखी थोडी. म्हणजे रिफायनरीतल्या हायड्रोजनच्या पाइपवर प्रेशर ट्रान्समीटर, म्हणजे प्रेशर मोजून त्याचा सिग्नल कंट्रोल रूमला पाठवणारं यंत्र, लावायचा असेल, तर त्याच्या वायरी सैल झाल्या, घासल्या, चुकून एकमेकींना लागल्या, तरी होणारी ठिणगी त्या दाण्याहूनही क्षीण राहायला हवी. आणि या वायरींचं दुसरं टोक कंट्रोल रूमच्या पॅनलमध्ये असतं, जिथे शेजारच्याच ट्रेमधून २३० व्होल्ट धावत असतात.

यावरचा जुना उपाय म्हणजे फ्लेमप्रूफ डबा. जाड ओतीव कवच, रुंद फ्लँज, आठदहा बोल्ट. आत स्फोट झाला तरी ज्वाला बाहेर येत नाही. मोटारीला हाच उपाय योग्य आहे, कारण तिला किलोवॅटमध्ये पॉवर लागते आणि ती कमी करता येत नाही. ट्रान्समीटरचं काम मात्र २० मिलिअँपिअरमध्ये भागतं. त्यामुळे तिथे विचार उलटा करता येतो. ठिणगी कोंडून ठेवायची नाही, तिला मुळातच पेटवण्याइतकं बळ मिळू द्यायचं नाही. याला इंट्रिन्सिक सेफ्टी म्हणतात, साइटवर सगळे नुसतं ‘आयएस’ म्हणतात. पॅनलमध्ये बसून हे काम करणारी छोटी डबी म्हणजे बॅरियर.

या विचाराची सुरुवात कोळशाच्या खाणीत झाली. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधल्या सेंघेनिद खाणीत स्फोट होऊन ४३९ खाणकामगार मेले. नक्की कशाने पेटलं हे चौकशीत ठामपणे ठरलं नाही, पण संशय विजेच्या घंटीच्या संकेतयंत्रणेवर होता. तेव्हा बोगद्यातून दोन उघड्या तारा नेलेल्या असत आणि कामगार त्या एकमेकींना टेकवून इंजिनवाल्याला घंटी देत. बॅटरी कमी व्होल्टची, म्हणून सगळे निर्धास्त. नंतरच्या ब्रिटिश संशोधनात दिसलं की धोका नुसत्या व्होल्टेजमध्ये नव्हता. घंटीच्या कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा तार सुटताना ठिणगीत उतरत होती. बॅरियरबद्दल आजही जे गैरसमज होतात, त्यातले निम्मे ‘व्होल्टेज कमी म्हणजे सुरक्षित’ या जुन्याच समजुतीतून येतात.

आता डबी उघडून बघू. खरंतर ती उघडत नाही, आत रेझिन ओतून सील केलेली असते आणि त्यालाही कारण आहे. पण कागदावर तिचं सर्किट शाळेच्या वहीत मावेल इतकं साधं आहे. पॅनलच्या बाजूने येणारी वायर आधी एका फ्यूजमधून जाते. त्यानंतर वायरीपासून अर्थकडे जाणारे झेनर डायोड असतात, एकाला समांतर दुसरा, बहुतेकदा तिसराही. त्यानंतर वायरीतच एक रेझिस्टर, आणि तिथून ती फील्डला, म्हणजे बाहेर प्लांटमधल्या ट्रान्समीटरकडे निघते.

रोजच्या कामात ही मंडळी जवळपास निष्क्रिय असतात. २४ व्होल्ट येतात, झेनर २८ च्या आसपास वाहायला लागणारे असतात म्हणून ते गप्प बसतात, करंट फ्यूज आणि रेझिस्टरमधून ट्रान्समीटरकडे जातो. समजा पॅनलमध्ये कोणीतरी काम करताना चुकीची वायर खोचली आणि २३० व्होल्ट बॅरियरच्या इनपुटवर पडले. व्होल्टेज २८ च्या वर जायला बघतं तोच झेनर वाहायला लागतात आणि सगळा करंट अर्थकडे वळवतात. फील्डच्या वायरीवर २८ व्होल्टच्या वर काही जात नाही. पण झेनर हा काही भीम नव्हे, एवढा करंट तो फार वेळ झेलू शकत नाही. तो जळून उघडा पडण्याआधी फ्यूज उडतो. हा फ्यूज साधारण ५० मिलिअँपिअरचा असतो आणि तो फील्डला वाचवण्यासाठी आहे असं अनेकांना वाटतं. तो आहे झेनरला वाचवण्यासाठी. फील्डला झेनर वाचवतो, झेनरला फ्यूज.

मग रेझिस्टर कशाला? झेनर व्होल्टेज धरून ठेवतो, करंट नाही. फील्डमध्ये दोन वायरी शॉर्ट झाल्या तर २८ व्होल्टच्या मागे अडवायला काहीतरी हवं. सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या बॅरियरमध्ये हा रेझिस्टर ३०० ओहमचा असतो. २८ भागिले ३००, म्हणजे ९३ मिलिअँपिअर. पॅनलमध्ये काहीही झालं आणि फील्डमध्ये काहीही झालं तरी शॉर्टमधून याहून जास्त करंट जात नाही. हायड्रोजनच्या गटासाठी, ज्याला टू-सी गट म्हणतात, साध्या रेझिस्टिव्ह सर्किटमध्ये २८ व्होल्टला दीडपट सुरक्षागुणक धरूनही सुमारे १२० मिलिअँपिअरपर्यंत परवानगी असते. ९३ त्याच्या आत आहे.

झेनर तीन असतात, मग रेझिस्टर एकच कसा चालतो? कारण डायोड बिघडताना शॉर्टही होऊ शकतो आणि ओपनही. ओपन झाला तर संरक्षण गेलं, म्हणून जोडीदार हवेत. सर्वात कडक ‘आयए’ श्रेणीत, जी झोन ० मध्ये, म्हणजे स्फोटक वायू सतत असतो अशा जागीही चालते, दोन बिघाड एकाच वेळी झाले तरी सर्किट सुरक्षित राहावं लागतं. वायरवाउंड किंवा फिल्म प्रकारचा रेझिस्टर मात्र बिघडला तर ओपन होतो किंवा त्याची किंमत वाढते, शॉर्ट होत नाही. शिवाय तो त्याच्या क्षमतेच्या दोन तृतीयांशापेक्षा जास्त तापू द्यायचा नाही असा नियम आहे. म्हणून त्याच्यावर एकट्यावर भरवसा ठेवता येतो.

ठिणगीखेरीज दुसरा धोका तापलेल्या पृष्ठभागाचा. फील्डला जास्तीत जास्त किती पॉवर जाऊ शकते? २८ गुणिले ९३ मिलिअँपिअर असा हिशोब मांडला तर २.६ वॅट येतात, पण तो हिशोब चुकीचा आहे. २८ व्होल्ट मिळतात तेव्हा करंट शून्य असतो आणि ९३ मिलिअँपिअर मिळतात तेव्हा व्होल्टेज शून्य. सर्वात जास्त पॉवर मधोमध मिळते, १४ व्होल्ट आणि साधारण ४६ मिलिअँपिअरला. म्हणजे गुणाकाराचा चौथा भाग, ०.६५ वॅट. एवढ्यावर ट्रान्समीटरमधला एखादा बारीक भाग किती तापेल हे त्याच्या प्रमाणपत्रात तपासलेलं असतं. टी-४ लिहिलेलं असेल तर १३५ अंश सेल्सिअसच्या आत.

इथपर्यंत सगळं बॅरियरच्या हातात होतं. आता त्याच्या हाताबाहेरचं.

बॅरियरच्या पुढे जी केबल जाते, ती नुसती तार नसते. दोन वायरी शेजारीशेजारी शेकडो मीटर धावतात तेव्हा त्यांचा एक लांबलचक कपॅसिटर होतो. तो २८ व्होल्टला भरून बसू शकतो. मग फील्डच्या टोकाला शॉर्ट झाला तर ही साठलेली ऊर्जा थेट त्या ठिणगीत जाते, वाटेत ३०० ओहमचा रेझिस्टर येतच नाही, कारण तो पार मागे कंट्रोल रूममध्ये आहे. केबलच्या इंडक्टन्सचं तसंच. करंट वाहत असताना वायर तुटली की चुंबकीय क्षेत्रातली ऊर्जा तुटलेल्या जागी बाहेर पडते, खाणीतल्या घंटीसारखी. म्हणून प्रत्येक बॅरियरच्या प्रमाणपत्रावर व्होल्टेज, करंट आणि पॉवर यांच्या सोबत आणखी दोन आकडे असतात: त्याला पुढे जास्तीत जास्त किती कपॅसिटन्स आणि किती इंडक्टन्स जोडता येईल. ट्रान्समीटरच्या प्रमाणपत्रावरही त्याच्या बाजूचे आकडे असतात. दोन्ही कागद शेजारी ठेवायचे आणि पाच ओळी तपासायच्या:

```
Uo ≤ Ui
Io ≤ Ii
Po ≤ Pi
Co ≥ Ci + Ccable
Lo ≥ Li + Lcable
```

‘o’ म्हणजे बॅरियर बाहेर काय देऊ शकतो, ‘i’ म्हणजे ट्रान्समीटर आत काय सहन करू शकतो.

आपल्या हायड्रोजनच्या लाइनचं उदाहरण पुरं करू. ट्रान्समीटर कंट्रोल रूमपासून केबलमार्गाने ४०० मीटरवर आहे. त्याच्या प्रमाणपत्रावर ३० व्होल्ट, २०० मिलिअँपिअर, ०.९ वॅट, १० नॅनोफॅरड, आणि इंडक्टन्स नगण्य. पहिल्या तीन ओळी आरामात पास होतात. २८ व्होल्टच्या बॅरियरला टू-सी गटात ८३ नॅनोफॅरडची परवानगी असते. केबलची माहिती हाताशी नसेल तर मीटरमागे २०० पिकोफॅरड धरायचे असा प्रघात आहे. ४०० मीटरचे झाले ८० नॅनोफॅरड. त्यात ट्रान्समीटरचे १०. बेरीज ९०, आणि लूप, म्हणजे बॅरियर, केबल आणि ट्रान्समीटर मिळून होणारं पूर्ण सर्किट, नापास. इंडक्टन्सची बाजू मोकळी आहे, मीटरमागे १ मायक्रोहेन्री धरला तर ०.४ मिलिहेन्री, मर्यादा ४ च्या आसपास.

इथे घाबरून डिझाइन बदलायला धावू नये. केबल बनवणाऱ्याची डेटाशीट मागवावी. समजा तिच्यात मीटरमागे ११० पिकोफॅरड आहेत. मग केबलचे ४४ आणि ट्रान्समीटरचे १०, एकूण ५४, आणि लूप पास. फरक फक्त कागदाचा होता, पण तो कागद फाइलला असलाच पाहिजे. हेच ठिकाण इथिलीनच्या, म्हणजे टू-बी गटाच्या भागात असतं, तर परवानगी ६५० नॅनोफॅरडची मिळाली असती आणि हा प्रश्नच उठला नसता. हायड्रोजन असल्यामुळे एवढी काटकसर करावी लागते.

बारकाईने वाचणाऱ्याला इथे शंका येईल. ८३ नॅनोफॅरड २८ व्होल्टला भरले तर ऊर्जा होते सुमारे ३२ मायक्रोज्यूल. सुरुवातीला तर हायड्रोजनला २० पुरतात असं म्हटलं होतं. मग ही परवानगी कशी? २० चा आकडा प्रयोगशाळेतला आहे. तिथे दोन टोकांमधलं अंतर, मिश्रणाचं प्रमाण, सगळं ज्वालेच्या सोयीचं ठेवलेलं असतं. वायरी एकमेकींना लागून होणारी कमी व्होल्टची ठिणगी अगदी बारीक असते आणि तिची बरीचशी उष्णता धातूच शोषून घेतो. म्हणून परवानगीचे आकडे सूत्राने ठरवलेले नाहीत, ते प्रत्यक्ष गॅस पेटवून ठरवलेले आहेत. त्याचं यंत्र मजेशीर आहे. खाचा पाडलेली कॅडमियमची चकती आणि तिच्यावर घासत फिरणाऱ्या टंग्स्टनच्या चार तारा, सगळं गॅसने भरलेल्या छोट्या पेटीत. टू-सी गटासाठी हवेत सुमारे २१ टक्के हायड्रोजन. चाचणीआधी यंत्र पुरेसं संवेदनशील आहे हे तपासायला २४ व्होल्ट, ९५ मिलिहेन्रीची कॉइल आणि ३० मिलिअँपिअर जोडतात, तेवढ्यावर गॅस पेटला पाहिजे. ही ऊर्जा काढली तर सुमारे ४३ मायक्रोज्यूल येते.

कागदावर लूप सुरक्षित झाला. तो चालेल का, हा वेगळा प्रश्न आहे आणि झेनर बॅरियरचा खरा त्रास इथे सुरू होतो.

ज्या रेझिस्टरने आपल्याला वाचवलं, तोच रोजच्या कामात व्होल्ट खातो. फ्यूज धरून त्या वाटेचा रोध ३४० ओहमच्या घरात जातो. परतीच्या वायरीसाठी बॅरियरमध्ये डायोडची दुसरी वाट असते, तिथे ०.९ व्होल्ट आणि वर साधारण २० ओहम. कंट्रोल सिस्टिमच्या कार्डाचे २५० ओहम, दीड स्क्वेअरच्या ४०० मीटर केबलचे जाऊनयेऊन १० ओहम. सगळे मिळून ६२० ओहम. २० मिलिअँपिअरला यांच्यावर १२.४ व्होल्ट पडतात, डायोडचे ०.९ वेगळे. २४ मधून वजा केले की ट्रान्समीटरच्या वाट्याला उरतात १०.७ व्होल्ट. त्याला किमान १२ लागत असतील तर?

तर लूप बहुतेक वेळ व्यवस्थित चालतो आणि फसगत तिथेच होते. ट्रान्समीटरला १२ व्होल्ट मिळत राहतील असा करंट काढा: (२४ − ०.९ − १२) भागिले ६२०, म्हणजे १७.९ मिलिअँपिअर. तिथपर्यंत रीडिंग बरोबर. ट्रान्समीटरची रेंज ० ते ८० बार असेल, म्हणजे ४ मिलिअँपिअरला ० बार आणि २० ला ८० बार, तर १७.९ म्हणजे साधारण ६९.५ बार. पाइपमधलं प्रेशर त्याच्या वर गेलं तरी स्क्रीनवर काटा तिथेच चिकटून राहतो, किंवा ट्रान्समीटर मधूनच बंद पडून पुन्हा सुरू होतो. हाय अलार्म ७५ बारला लावला असेल, म्हणजे १९ मिलिअँपिअरला, तर तो कधीच वाजणार नाही. “साहेब, हा सत्तरच्या वर दाखवतच नाही,” असं ऑपरेटर सांगतो तेव्हा पहिला संशय ट्रान्समीटरवर जातो, तो काढून बेंचवर कॅलिब्रेट होतो, तिथे त्याला पूर्ण २४ व्होल्ट मिळतात, आणि अर्थातच तो उत्तम चालतो. खरी तपासणी सोपी आहे. हँडहेल्ड कम्युनिकेटरवरून लूप टेस्टमध्ये २० मिलिअँपिअर सोडायला सांगा आणि सिस्टिमच्या कार्डावर किती येतात ते पाहा. हे लूप सुरू करायच्या दिवशीच केलं पाहिजे. नुसते ४ आणि १२ बघून सही करणारे कमी नाहीत.

यावर सुचणारा सोपा उपाय म्हणजे पॅनलचा पॉवर सप्लाय २४ वरून वाढवणं. दोनएक व्होल्ट वाढवता येतातही, पण २६ च्या पुढे गेलात की झेनर थोडाथोडा वाहायला लागतो आणि आणखी वाढवलंत की ५० मिलिअँपिअरचा फ्यूज उडतो. तो फ्यूज बदलता येत नाही, कारण डबी सील आहे. पूर्ण बॅरियर फेकून नवा लावायचा. हे मुद्दामच तसं ठेवलं आहे. फ्यूज बदलता आला असता तर रात्रपाळीला कोणीतरी ५०० मिलिअँपिअरचा घातला असता, आणि झेनर जळेपर्यंत कोणाला पत्ताही लागला नसता.

झेनर बॅरियरचं दुसरं दुखणं म्हणजे अर्थिंग. झेनर जो करंट वळवतो तो कुठेतरी गेला पाहिजे. बॅरियरच्या अर्थ-बारपासून मुख्य वीजपुरवठ्याच्या अर्थ बिंदूपर्यंत वेगळी, इन्सुलेटेड, कमीत कमी ४ स्क्वेअरची वायर लागते आणि रोध १ ओहमच्या आत लागतो. शेजारच्या मोटारीच्या अर्थला जोडून चालत नाही. समजा त्या मोटारीत बिघाड झाला, अर्थमधून १०० अँपिअर गेले आणि त्या वाटेचा रोध अर्धा ओहम आहे. अर्थ-बार ५० व्होल्टने वर उचलला जातो. २८ व्होल्टची मर्यादा त्या बारच्या सापेक्ष आहे. फील्डमधल्या ट्रान्समीटरची बॉडी मात्र पाइपवर, म्हणजे जमिनीच्या व्होल्टेजवर बसलेली असते. वायर आणि बॉडीमध्ये आता ७८ व्होल्ट येऊ शकतात आणि सगळा हिशोब वाया जातो. बऱ्याच ठिकाणी अर्थसाठी एकाऐवजी दोन वायरी नेतात. एक सुटली तरी दुसरी असते, आणि एक सोडवून वळशाचा रोध मोजता येतो.

या दोन कटकटींमुळे नव्या प्लांटमध्ये गॅल्व्हॅनिक आयसोलेटर जास्त दिसतात. त्यात फील्ड आणि पॅनल यांच्यामध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, पॉवर आणि सिग्नल चुंबकीय किंवा प्रकाशाच्या वाटेने जातात. सुरक्षेसाठी खास अर्थ लागत नाही आणि ट्रान्समीटरला २० मिलिअँपिअरलाही १५-१६ व्होल्ट मिळतात. आतमध्ये फील्डच्या बाजूला मर्यादा घालणारे झेनर आणि रेझिस्टर असतातच. किंमत जास्त, प्रत्येकाला वेगळा पुरवठा लागतो, गरम होतात. माझं मत विचाराल तर ४-२० च्या नव्या लूपला आयसोलेटरच घ्यावा. अर्थिंग पंधरा वर्षं जशीच्या तशी राहील असा विश्वास मला कुठल्याच प्लांटबद्दल वाटत नाही.

आयएस लूपची एक सोय मात्र इतर कुठल्याच पद्धतीत नाही. फ्लेमप्रूफ डबा उघडायचा तर आधी वीज तोडावी लागते. आयएस ट्रान्समीटरचं झाकण गॅसच्या भागात, चालू लूपवर उघडता येतं, परमिटच्या अटी पाळून. पण हातातला मल्टिमीटरही आयएस प्रमाणित हवा. साध्या मल्टिमीटरमध्ये स्वतःची बॅटरी असते आणि ती बॅरियरच्या पुढच्या, म्हणजे चुकीच्या बाजूला येऊन बसते. केबलचं इन्सुलेशन तपासणाऱ्या मेगरबद्दल तर बोलायलाच नको. ५०० व्होल्टचा मेगर जोडला की झेनर मध्ये येतो, रीडिंग खोटं येतं, आणि ४०० मीटरची केबल ५०० व्होल्टला भरून फील्डच्या टोकाला वाट बघत राहते. बॅरियर आणि ट्रान्समीटर दोन्ही बाजूंनी सोडवून, गॅस नाही याची खात्री करून, आणि शेवटी केबल डिस्चार्ज करूनच हे काम करायचं.

पॅनलमध्ये आयएस वायरींना निळा रंग असतो, त्यांचे टर्मिनल इतरांपासून कमीत कमी ५० मिलिमीटर लांब असतात आणि ट्रंकिंग वेगळं असतं. कारण उघड आहे. बॅरियरच्या पुढच्या वायरीला साध्या २४ किंवा २३० व्होल्टची वायर लागली तर बॅरियर मागे बसून काहीच करू शकत नाही. जुन्या पॅनलमध्ये जागा संपली म्हणून निळ्या ट्रंकिंगमध्ये घुसवलेली एखादी करडी वायर दिसली तर ती कोणाची आहे हे आधी शोधावं, लूपचं काम नंतर.

बॅरियर चांगला आहे का, हे मल्टिमीटरने अर्धंच कळतं. बॅरियर दोन्हीकडून सोडवून इनपुट ते आउटपुट मोजलं आणि ३०० ते ३४० ओहम आले तर फ्यूज आणि रेझिस्टर शाबूत आहेत. काहीच आलं नाही तर फ्यूज गेला. इनपुट ते अर्थ अगदी कमी रोध आला तर एखादा झेनर शॉर्ट आहे. पण तीनपैकी एक झेनर ओपन झाला असेल तर उरलेले दोन तेच रीडिंग देतात. म्हणून ज्या बॅरियरवर २३० व्होल्ट पडल्याची नोंद आहे, तो ‘मोजून बघितला, ठीक आहे’ म्हणून परत लावायचा नसतो. नवा लावताना पुन्हा २८ व्होल्ट आणि ३०० ओहमचाच लावायचा. स्टोअरमध्ये दुसरा मिळाला तर आधी त्याचं प्रमाणपत्र घेऊन त्या पाच ओळी परत तपासायच्या. भारतात पेट्रोलियमच्या धोकादायक क्षेत्रात बसणाऱ्या अशा उपकरणांना पेसो या केंद्र सरकारच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेची मंजुरी लागते, या संघटनेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. बॅरियर आणि ट्रान्समीटर अशा दोघांच्या मंजुऱ्या फाइलला असतात. त्यांच्यामधल्या ४०० मीटर केबलची डेटाशीट तिथे आहे का, हे मात्र ऑडिटच्या दिवशी शोधत बसावं लागतं.